जादा एक वाक्य

सोलापुरातल्या आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये दोन लांब टेबलं आहेत. खिडकीकडचं मॅडम लोकांचं, दाराकडचं सरांचं. तसा नियम कुणी केलेला नाही, पण नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला तो कळतो आणि तो आपापल्या बाजूला जाऊन बसतो. दोन्ही टेबलांवर दिवसभर बोलणं चालू असतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं ते मात्र बहुतेक कामाचंच: बदली तास कुणाला लागलाय, मस्टरवर कुणाची सही राहिलीय, घटक चाचणीचे गुण कधी देताय. वर्षानुवर्षं एका छपराखाली शिकवलेली माणसं निरोप समारंभात एकमेकांबद्दल बोलायला उभी राहतात, आणि 'वक्तशीर' आणि 'मनमिळाऊ' यांच्या पलीकडं त्यांना काही सापडत नाही. मला याचं वाईट वाटतं. त्या माणसाला गाण्याचा कान होता, त्याच्या आईचं दुखणं त्यानं एकट्यानं काढलं, फळ्यावर तो महाराष्ट्राचा नकाशा एका रेषेत काढायचा, यातलं काहीही पलीकडच्या टेबलाला माहीत नसतं.

ही माणसं तुसडी नाहीत. ती भ्यालेली आहेत. सरांना वाटतं, सहज काही विचारलं तर मॅडमचा गैरसमज होईल. मॅडमना वाटतं, आपण हसून उत्तर दिलं तर सर काहीतरी वेगळं समजतील, आणि सर नाही समजले तरी बघणारे समजतील. दोन्ही भीतींना कारण आहे. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीपोटी जी शांतता पाळली जाते तिनं कुणाचं रक्षण होतं असंही मला दिसलेलं नाही. ज्याला त्रास द्यायचा तो शांततेतही देतो.

2024 साली पवित्र पोर्टलवरून शिक्षक भरती झाली तेव्हा आमच्याकडं इतिहासाला एक नवे सर आले. मूळचे भंडारा जिल्ह्यातले. सोलापुरात ओळखीचं कुणी नाही, भाड्याची एक खोली, आणि शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं दरमहा 18,000 रुपये मानधन. शिक्षण सेवकाला स्वतःबद्दल उलटसुलट चर्चा झालेली परवडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोरच्या टेबलावर भूगोलाच्या मॅडम. वयानं त्यांच्याच बरोबरीच्या, इथल्याच पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात लागेल तेव्हा कानडी. दहावीला इतिहास आणि भूगोल मिळून सामाजिक शास्त्रं हा एकच विषय होता, त्यामुळं या दोघांना एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांचं बोलणं कामावरून गप्पांवर कसं आलं ते मी माझ्या जागेवरून बघितलं. ते इतकं सरळ झालं की त्यात काही विशेष आहे हे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

पहिले काही आठवडे सर कामाचंच बोलले. भारताचा प्राकृतिक नकाशा कुणाकडं आहे, नकाशाचा स्टँड आठवी 'ब'मध्ये राहिलाय का, एवढंच. जुलैच्या एका मधल्या सुट्टीत मॅडमनी डबा उघडला होता, आम्ही तिघी-चौघी शेजारी होतो. सर नकाशा परत द्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? आमच्याकडं सगळा भात. इथं मेसवाल्यानं काल कडक भाकरी दिली. ती मोडायची कशी तेच मला समजलं नाही."

मॅडम हसल्या. त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या की ती चुरून आमटीत भिजत घालायची. तिसरी म्हणाली, छे, तशीच मोडून शेंगाची चटणी आणि दही. मग मॅडम म्हणाल्या की त्यांच्या घरी दोन्ही चालतं, पण चटणी उखळात कुटलेली हवी, तेल सुटलेली. दाराकडच्या टेबलावरून एका सरांनी चटणी कुठल्या दुकानातली घ्यावी ते सांगितलं आणि त्यावरून वाद सुरू झाला. नवे सर "बरं, बघतो करून" म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले. हे सगळं दोनेक मिनिटांत आटोपलं.

यात नेमकं काय झालं, ते मी पुष्कळदा मनात उलगडून पाहिलं आहे. त्यांनी कामाच्या वाक्याला एक वाक्य जादा जोडलं. फक्त एक. प्रश्न मॅडमना विचारला होता, पण मॅडमबद्दल विचारला नव्हता. तो भाकरीबद्दल होता. त्याचं उत्तर खोलीतल्या कुणालाही देता येण्यासारखं होतं आणि मॅडमना द्यायचं नसतं तर तो प्रश्न आपोआप दुसऱ्याकडं गेला असता. त्यांना संकोच वाटण्याचं कारण नव्हतं. सरांनी स्वतःचं एक अज्ञान पुढं ठेवलं होतं, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा मान मोठा होत होता. आणि उत्तर मिळाल्यावर ते थांबून राहिले नाहीत.

याच्या शेजारी दुसरे प्रश्न ठेवून बघा. "मॅडम, तुम्ही राहता कुठं?" "तुम्ही रोज किती वाजता निघता?" "मिस्टर काय करतात?" "आज एकदम वेगळ्या दिसताय." विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. आपल्याकडं घर, गाव, आडनाव विचारल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, हे मला मान्य आहे. पण बाईच्या कानाला या प्रश्नांत काय ऐकू येतं ते सांगते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली की तिचा रस्ता आणि तिची वेळ दुसऱ्याच्या हातात जाते. तिसऱ्यात तिच्या घरात डोकावलं जातं. चौथ्यात ती आज दिवसभर कुणाच्या तरी नजरेखाली आहे एवढं तिला कळतं, आणि मग ती साडीचा पदर सारखा करत राहते. हे प्रश्न चुकीचे नाहीत, ते अकाली आहेत. ओळख जुनी झाली की यातले बरेचसे ती न विचारता स्वतःच सांगते. कुठं राहते ते ती सांगेपर्यंत थांबणं, हे मला यातलं सर्वांत मोठं सौजन्य वाटतं.

आमच्या गावात विषयांना तोटा नाही. मार्चपासून ऊन आहे. माठात वाळा टाकावा की नुसतं पाणी बरं, यावर आख्खी मधली सुट्टी जाते. जानेवारीत गड्डा आहे, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, रात्रीचं शोभेचं दारूकाम. बाहेरगावच्या माणसानं "अक्षता कुठून नीट दिसतात?" एवढं विचारलं की सगळं स्टाफरूम त्याला जागा दाखवायला पुढं येतं. परक्या माणसाला गावाबद्दल विचारता येतं, ही त्याची सोय आहे. स्थानिकांनी उलट त्याच्या गावाबद्दल विचारावं. मॅडमनी पुढच्या आठवड्यात तेच केलं. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव पुस्तकात एका ओळीत येतात. ते प्रत्यक्षात कसे असतात, पाणी कोण सोडतं, असं त्यांनी सरांना विचारलं. हा त्यांच्या विषयातला खरा प्रश्न होता. उत्तर ऐकताना त्यांनी वहीत टिपून घेतलं. मला तो क्षण महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं बोलणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. एकच माणूस दर वेळी विषय काढत असेल आणि दुसरं माणूस फक्त उत्तर देत असेल, तर ती अजून गप्पा झालेली नाही.

इथं एक सोपी वाट आपल्याकडं पूर्वीपासून तयार आहे आणि तिच्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. ती वाट म्हणजे नातं जोडून टाकणं. सोलापुरात तर त्याला जास्तच सोय आहे. अक्का हाक कानडीलाही चालते, तेलुगूलाही आणि मराठीलाही. आमचे शिपाई मामा सगळ्यांना अक्का म्हणतात आणि त्यांच्या तोंडी ते शोभतं. पण बरोबरीच्या वयाचा सहकारी आठवड्याभरात 'ताई' म्हणायला लागतो आणि श्रावणात राखीसाठी हात पुढं करतो, तेव्हा मला ते खटकतं. त्याला वाटतं आता कुणी काही बोलणार नाही. बघणाऱ्यांची तोंडं बंद होतात हे खरंच आहे. पण त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. भाऊ झाल्यावर तो हक्कानं बोलतो, हक्कानं रागावतो, रात्री फोन करतो, ती कुणाशी बोलते यावर मत देतो, आणि तिला 'नको' म्हणायला जागा राहत नाही. भावाला कुठं नको म्हणायचं असतं? शिवाय हे नातं आतून खोटं निघालं तर तक्रार करताना तिलाच विचारलं जातं, "पण तू तर त्याला राखी बांधली होतीस." मॅडम आणि सर ही संबोधनं कोरडी आहेत, तरी मला तीच बरी वाटतात. त्यांत दोघांची उंची सारखी राहते आणि नातं हळूहळू आपलं आपण ठरू शकतं. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचंच असेल तर ते तिनं आणावं किंवा दोघांनी सगळ्यांसमोर एकदमच यावं. चारचौघांत 'तुम्ही' आणि मोबाईलवर 'तू', असं झालं की समजावं, काहीतरी लपवायला सुरुवात झाली आहे.

मोबाईलचा विषय निघालाच आहे. अलीकडं गैरसमजाची सुरुवात स्टाफरूममध्ये फारशी होत नाही, ती रात्री साडेनऊनंतर फोनवर होते. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यामुळं प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाकडं असतो. नंबर मिळणं आणि परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पाहिलेली घसरण साधारण अशी असते. आधी कामाचा खासगी मेसेज येतो, तो ग्रुपवर टाकता आला असता. मग सुप्रभात, फुलांचं चित्र. मग "जेवण झालं का?" मग मेसेज वाचूनही उत्तर नाही म्हणून प्रश्नचिन्ह. यातला एकही शब्द वाईट नाही, म्हणून बाई कुणाकडं तक्रारही करू शकत नाही. पण प्रत्येक मेसेजनं तिच्यावर उत्तराचं कर्ज चढत जातं, आणि घरात शेजारी बसलेल्या माणसाला ती काय सांगणार हा प्रश्न वेगळाच. नव्या सरांनी नकाशे, वेळापत्रक, प्रश्नपत्रिकेचा आराखडा सगळं ग्रुपवर विचारलं. दिवाळीच्या शुभेच्छाही ग्रुपवरच. दिवसा तोंडावर बोलता येत असताना रात्री लिहून बोलायची त्यांना गरज पडली नाही. मॅडमनी पहिला खासगी मेसेज केला तो बऱ्याच महिन्यांनी, एका लेखाची लिंक पाठवायला. सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिलं आणि शाळेत आल्यावर त्या लेखावर आम्हा सगळ्यांसमोर बोलले. बोलणं खासगीतून पुन्हा उजेडात आणण्याची ही सवय मला फार चांगली वाटली.

गैरसमज होतो कसा, याचा एक नेटका प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. अँटोनिया अ‍ॅबी या मानसशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी 1982 साली तो प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणारे एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी पाच मिनिटं गप्पा मारायचे. दुसरे एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी त्यांना न दिसता ते बोलणं पाहायचे. नंतर चौघांनाही वेगवेगळं विचारलं गेलं की बोलणारी माणसं कशी वाटली. मुलींना जे साधं मोकळेपण वाटलं त्यात मुलांना आकर्षण दिसलं. विशेष म्हणजे फक्त बोलणाऱ्या मुलाला ते दिसलं असं नाही, लांबून पाहणाऱ्या मुलालाही दिसलं. अ‍ॅबींचा निष्कर्ष असा की पुरुष एकूणच माणसांच्या वागण्याकडं त्या चष्म्यातून जास्त पाहतात. प्रयोग अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा आहे, तो जसाच्या तसा आमच्या स्टाफरूमला लावता येणार नाही. पण त्यातून दोन गोष्टी मी माझ्यापुरत्या घेतल्या. पुरुषानं बाईच्या हसण्याचा अर्थ लावताना पहिला जो अर्थ सुचेल तो थोडा बाजूला ठेवावा आणि साधा अर्थ धरून चालावं, कारण चूक होते ती बहुधा एकाच दिशेला. आणि दुसरं, बघणारा तटस्थ नसतो. तो स्वतःचं काहीतरी त्यात मिसळूनच बघत असतो.

त्या बघणाऱ्यांची किंमत मात्र दोघांना सारखी मोजावी लागत नाही. सरांची चेष्टा होते, पाठीवर थाप पडते. मॅडमची चर्चा होते, ती घरापर्यंत जाते, आणि लग्न व्हायचं असेल तर स्थळ आणणाऱ्यांपर्यंतही जाते. सोलापूर शहर मोठं झालं तरी पेठा अजून एकमेकींना ओळखतात. म्हणून ज्याची किंमत कमी त्यानं काळजी जास्त घ्यावी असं मला वाटतं. सर मॅडमशी बोलायचे ते दार उघडं असलेल्या खोलीत, कॉरिडॉरमध्ये, फळ्यापाशी. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या गाड्यावर चहाला जायचं झालं तर "चला, कोण कोण येतंय?" असं सगळ्यांना विचारून. पण अति काळजीसुद्धा बोलते. एखादे सर मॅडम एकट्या दिसल्या की उंबऱ्यावरूनच परत फिरतात. त्यानं त्या बाईला आपण काहीतरी धोक्याची वस्तू आहोत असं वाटतं, आणि पाहणाऱ्यांनाही तसंच वाटतं. उंबऱ्यात थांबून "मॅडम, हजेरीपट घेतो हं" म्हणून आत यावं, तो घ्यावा आणि जावं. चांगल्या हेतूच्या बोलण्याची मी एकच कसोटी धरते. तिसरं माणूस मध्येच आत आलं तर आवाज बदलतो का? विषय तुटतो का? नवे सर अशा वेळी आलेल्या माणसाला त्यात ओढून घ्यायचे: "तुम्हीच सांगा बरं, ताम्रपट खरा की बखर खरी?"

बाईनं स्वतः बोलणं सुरू करायचं ठरवलं तर वाट आणखी अवघड आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. पुरुषानं पुढाकार घेतला तर त्याच्या हेतूबद्दल शंका येते. बाईनं घेतला तर तिच्या स्वभावाबद्दलच निकाल लागतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हातात एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे विषय. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर आणि काचेच्या नळ्या सांभाळणारे एक वयस्क परिचर होते, आणि गणिताचे एक तरुण सर. दोघांशीही मी उपकरणांवरूनच बोलायला लागले. परिचरांकडून मला काच कापायची रीत कळली, ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. गणिताच्या सरांशी लॉगॅरिथमच्या तक्त्यांवरून वाद झाला. तो वाद इतका चालला की आमची मैत्री झालेली आम्हाला आणि इतरांनाही सवयीचीच होऊन गेली. आज मी तरुण मॅडमना सांगते की कामातल्या ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला खरंच ऐकायचंय तिच्यापासून सुरू करा. उसनं कुतूहल चेहऱ्यावर दिसतं. आणि समोरच्यानं वेगळा अर्थ घेतला असं वाटलं तर लगेच गप्प होऊ नका, कारण एकदम आलेल्या गप्पपणाचाही तो अर्थ लावतो. त्याच आवाजात विषय पुन्हा कामावर आणा, आणि त्यानंही तो हटत नसेल तर एका स्पष्ट वाक्यात सांगा: "सर, हे मला आवडलेलं नाही." आढेवेढे घेऊन सांगितलेलं अनेकांना कळतच नाही.

या ठिकाणी कायद्याचं नाव निघतं. विशाखा खटल्याचा निकाल 1997 चा, आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. आमच्या समितीच्या बैठकीनंतर दाराकडच्या टेबलावर एक वाक्य ऐकू आलं: "म्हणजे आता बोलायचंच नाही." मला ते मनापासून लागलं. कायद्यात जे मोजून सांगितलंय ते वाचावं: शारीरिक लगट, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, आणि त्याच स्वरूपाचं दुसरं नकोसं वागणं. भाकरीची चौकशी त्यात नाही. गड्ड्याची नाही. कायद्याचा सगळा भर 'नकोसं' या गोष्टीवर आहे, आणि नकोसं आहे की नाही हे कळण्यासाठी समोरच्या माणसाकडं लक्ष द्यावं लागतं. न बोलणाऱ्याला ते कधीच येणार नाही.

आणि नकोसं असलं तर ते कळतं. उत्तर एका शब्दात येतं. उलट प्रश्न येत नाही. वही उघडली जाते, पर्सची चेन लावली जाते. बोलण्यात विनाकारण मिस्टरांचा किंवा भावाचा उल्लेख येतो. नजर तुमच्यावरून दारावर जाते. एखाद्या दिवशी असं झालं तर त्याला अर्थ नाही, डोकं दुखत असेल, पोराला ताप असेल. पण तीन-चार वेळा झालं की समजून घ्यावं आणि जादा वाक्य बंद करावं. नुसतं नमस्कार आणि काम. खरी परीक्षा त्याच्या पुढं असते. काही पुरुष अशा वेळी रुसतात. नमस्कारही बंद करतात, बदली तास मुद्दाम त्या मॅडमवर टाकतात, दुसऱ्यांना सांगतात की मॅडमना फार गर्व आहे. त्या रुसण्यानं कळतं की ते बोलणं कधीच सहज नव्हतं, त्याच्या बदल्यात काहीतरी हवं होतं. ज्याला खरंच मैत्री हवी होती तो दुसऱ्या दिवशीही तितक्याच स्वच्छपणे "नमस्कार मॅडम" म्हणतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी ती स्वतःहून एखादं वाक्य जादा बोलते, किंवा बोलत नाही. दोन्ही ठीक आहे.

आमच्याकडं कमतरता आहे ती नमुन्यांची. बरोबर काम करणारे स्त्री-पुरुष म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी सांगता येतात, राखीची किंवा लग्नाची. सोलापूरचं सगळ्यांत अभिमानाचं उदाहरणसुद्धा तसंच सांगितलं जातं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, 1910 चा जन्म. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि 1942 च्या डिसेंबरात तिथंच वारले. तिथल्या रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं 1941 मध्ये लग्न झालं. शांतारामबापूंनी 1946 साली त्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून ही प्रेमकथाच झाली. लग्नाच्या आधी ती दोघं एका ठिकाणी काम करणारी, वेगळ्या भाषांतली दोन माणसं होती, या भागाला कुणी हात लावत नाही.

मागच्या वर्षी मॅडम आणि सर दोघांनी मिळून नववीची क्षेत्रभेट कोटणीस स्मारकाला नेली. एकानं चीनचा नकाशा करायचा, दुसऱ्यानं युद्धाचा इतिहास सांगायचा, अशी वाटणी. तयारी स्टाफरूमच्या मधल्या जागेत, दोन्ही टेबलांच्या मध्ये एक बाक ओढून चालली होती. येनान नकाशावर कुठं दाखवायचं यावरून त्यांचं भांडण झालं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि त्यात दोन्हीकडून मतंही दिली. मी बरोबर म्हणून गेले होते. फोटोंसमोर मुलं दाटीवाटीनं उभी होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लग्नाच्या आधी ती दोघं एकमेकांशी काय बोलत असतील?"

मुलं खुसखुसली. मॅडमनी जराही न अडखळता सांगितलं, "पेशंटबद्दल. रात्री कुणाचा ताप वाढला, पट्ट्या संपल्यात का, असं."

"आणि कोटणीस चिनी भाषा शिकले होते," सर मागून म्हणाले. "नवीन भाषा बोलताना चुका होतातच. त्या कुणीतरी दुरुस्त करत असणार."

"तुमच्या कानडीसारख्या," मॅडम म्हणाल्या. सरांनी मान्य करून मान हलवली. मग त्यांनी मुलांना रांगेत पुढच्या फोटोकडं नेलं, आणि मागची दोन मुलं सरांना विचारत चालली की सर, कानडीत तुम्ही काय चुकलात ते सांगा ना.